निळी मूठ, न हलणारा आरपीएम आणि पात्याचा कोन: आत नेमकं काय होतं?

सातारकर_ऑस्टिनात

नमस्कार मंडळी. मूळचा साताऱ्याचा, सध्या नोकरीनिमित्त ऑस्टिनला. दोन वर्षांपूर्वी सेसना 172 वर खासगी पायलटचा परवाना काढला. आता 182 टी शिकतोय. हिचं इंजिन 230 अश्वशक्तीचं, त्यामुळे इन्स्ट्रक्टरची वेगळी सही मिळाल्याशिवाय एकट्याने नेता येत नाही.

172 चा पंखा म्हणजे एकसंध तुकडा. थ्रॉटल पुढे केलं की आरपीएम वाढतो, मागे ओढलं की उतरतो. नाक खाली केलं तर थ्रॉटलला हात न लावताही काटा वर सरकतो. दोन वर्षं कान त्या आवाजावरच उडत होता. 182 चा पंखा मात्र कॉन्स्टंट स्पीडचा, म्हणजे उडताना त्याच्या पात्यांचा कोन बदलतो. त्यासाठी थ्रॉटल आणि मिक्श्चरच्या मधोमध एक निळी मूठ आहे आणि तिने माझा सगळा अंदाज मोडून टाकला.

गेल्या शनिवारी 5500 फुटांवर होतो. आरपीएम 2300 लावलेला. इन्स्ट्रक्टर म्हणाले, काही न हलवता नाक थोडं खाली कर. वेग 120 वरून 138 नॉट्सवर गेला. आवाज वाढेल म्हणून मी वाट बघत राहिलो. काटा 2300 वर चिकटवल्यासारखा. नाक वर घेतलं, वेग 95 वर आला. काटा तिथेच.

मग उतरायला सर्किटमध्ये आलो. निळी मूठ पूर्ण पुढे, थ्रॉटल हळूहळू मागे. मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, 20 इंच, 18, 16, तरी आरपीएम तोच. आणि साधारण 14 इंचांच्या खाली गेल्यावर एकदम तो उतरायला लागला, अगदी माझ्या जुन्या 172 सारखा.

दोन प्रश्न आहेत. टेक-ऑफला, चढताना आणि क्रूझला कुठला कोन सगळ्यात कार्यक्षम, हे त्या पंख्याला कळतं कसं? आणि 14 इंचांच्या खाली असं काय झालं की तो एकाएकी साधा पंखा झाला?

शोभाताई_पी

विषय छान आहे. मला एक विचारायचंय. कॉन्स्टंट स्पीड म्हणजे विमानाचा वेग आपोआप कायम ठेवायचा ना? आमच्या गाडीत क्रूझ कंट्रोल आहे, तसं? मुंबई–पुणे एक्स्प्रेसवेला मुलगा लावतो. मग नाक खाली केल्यावर यांचा वेग 138 कसा झाला?

सातारकर_ऑस्टिनात

ताई, नावामुळे मलाही आधी तसंच वाटलं होतं. इथे स्पीड म्हणजे पंख्याच्या फेऱ्यांचा वेग. विमान हळू जावो की जोरात, पंखा मिनिटाला तेवढ्याच फेऱ्या मारतो. विमानाचा वेग हवा तसा बदलू शकतो.

मेकॅनिकल_मंदार

सोपं आहे. सायकलचे किंवा गाडीचे गिअर डोळ्यासमोर आणा. टेक-ऑफला पहिला गिअर, म्हणजे पातं जवळजवळ सपाट, हवेचा लहान घास. क्रूझला पाचवा गिअर, म्हणजे पातं तिरकं, मोठा घास. पात्यांचा कोन बदलणारा गव्हर्नर वेग आणि उंची बघतो आणि त्या क्षणी सगळ्यात जास्त कार्यक्षमता देणारा कोन निवडतो. 14 इंचांच्या खाली ऑइलचं प्रेशर पडत असणार, त्यामुळे गव्हर्नर काम करायचा थांबतो.

जुना_एएमई

मंदार, गिअरची उपमा चालेल, पण शेवटची दोन्ही वाक्यं बरोबर नाहीत. आणि नेमकी तीच सातारकरांच्या प्रश्नाच्या मुळाशी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी मुंबईत विमान देखभालीत एकतीस वर्षं काढली. त्यातली बरीच लहान इंजिनं, पंखे आणि गव्हर्नर यांच्यात गेली.

गव्हर्नरला वेग कळत नाही. उंची कळत नाही. कार्यक्षमता हा शब्द त्याच्या गावीही नाही. त्याला एकच गोष्ट कळते: मी किती जोरात फिरतोय.

नारळाएवढी वस्तू आहे ती, इंजिनच्या गिअरवर फिरणारी. आत इंग्रजी एल अक्षरासारखी दोन वजनं बिजागरीवर असतात. फिरायला लागली की ती बाहेर फाकतात. त्यांच्या डोक्यावर एक स्प्रिंग बसलेली असते, ती त्यांना आत दाबते. तिला आम्ही स्पीडर स्प्रिंग म्हणतो. तुमची निळी मूठ फक्त ही स्प्रिंग कमी-जास्त दाबते, बाकी काही करत नाही. मूठ पूर्ण पुढे, स्प्रिंग जास्त दाबलेली, म्हणजे वजनांना तिला उचलायला जास्त फेऱ्या लागणार. 182 टी मध्ये तो आकडा 2400.

वजनं आणि स्प्रिंग यांच्या मधोमध एक बारीक झडप वरखाली होते. फेऱ्या ठरलेल्यापेक्षा वाढल्या की वजनं फाकतात, झडप उचलली जाते आणि पंख्याच्या हबमध्ये ऑइल जातं. हे इंजिनचंच ऑइल, पण गव्हर्नरमधला छोटा पंप त्याचा दाब 300 पीएसआयच्या आसपास नेतो. ते हबमधला पिस्टन ढकलतं, पिस्टन पात्यांना जास्त तिरकं करतो. तिरकं पातं हवा जास्त ओढतं, इंजिनवर भार येतो, फेऱ्या खाली येतात, वजनं मिटतात, झडप मधल्या जागी येऊन बंद होते. फेऱ्या कमी झाल्या तर सगळं उलट: झडप खाली, हबमधलं ऑइल इंजिनमध्ये परत, पाती सपाट होतात, भार हलका होतो.

पाती सपाट करायला कोण ढकलतं, हे बरेच जण विचारत नाहीत. हबमध्ये स्प्रिंग असते, पण ती एकटी नाही. फिरत्या पात्याचं वस्तुमान स्वतःच फिरण्याच्या पातळीत येऊन सपाट व्हायला बघतं. म्हणून एका इंजिनाच्या विमानात ऑइल गेलं तर पाती सपाट होतात, म्हणजे फाइन.

तुम्ही नाक खाली केलंत तेव्हा हेच झालं, फक्त इतक्या चटकन की काट्यावर दिसलंच नाही.

बांधावरचा

काका, तुम्ही लिहिलेलं वाचून माझ्या डोळ्यासमोर आमच्या विहिरीवरचं किर्लोस्करचं डिझेल इंजिन आलं. त्यातही अशीच फाकणारी वजनं आणि स्प्रिंग आहे. पट्टा सटकला की इंजिन क्षणभर बोंबलतं आणि गव्हर्नर त्याला परत जागेवर आणतो. लहानपणी वडील ती स्प्रिंग नटाने पिळून फेऱ्या लावायचे. म्हणजे विमानातही तेच का?

जुना_एएमई

अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. वजनं तीच, स्प्रिंग तीच. फरक हा की तुमच्या विहिरीवर भार पंपाचा असतो, तो पाण्यावर अवलंबून. गव्हर्नर भाराला हात लावू शकत नाही, म्हणून तो डिझेल कमी-जास्त करतो. विमानात पायलटने थ्रॉटलने इंधन-हवा आधीच ठरवलेली असते. गव्हर्नर इंधनाला हात लावत नाही, तो भारच बदलतो. पातं तिरकं करणं म्हणजे विहिरीत पाण्याची पातळी खाली ढकलण्यासारखं. इंजिनाला तेवढंच डिझेल, पण ओझं वाढवून फेऱ्या धरायच्या.

हे एकदा मनात बसलं की मंदारची दुसरी चूकही सुटते. थ्रॉटल मागे ओढलं की इंजिनची ताकद कमी होते, फेऱ्या पडू लागतात, गव्हर्नर पाती सपाट करून ओझं उतरवतो आणि फेऱ्या धरतो. अजून ओढलं, अजून सपाट. पण हबमध्ये एक टोकाचा अडसर असतो, फाइन स्टॉप. त्याच्यापलीकडे पातं जात नाही. 14 इंचांच्या खाली तुमची पाती त्या अडसराला टेकली. गव्हर्नर अजूनही "सपाट कर" म्हणतोय, पण जागाच उरली नाही. मग तो एका कोनाचा साधा पंखा झाला. ऑइल प्रेशरचा यात काही संबंध नाही.

सातारकर_ऑस्टिनात

काका, मनापासून आभार. "भार बदलतो" वाचल्यावर डोक्यातलं एक दार उघडलं. पण मग कार्यक्षमता येते कुठून? गव्हर्नरला तिची पर्वा नाही, तरी पुस्तकं म्हणतात की हा पंखा टेक-ऑफपासून क्रूझपर्यंत कार्यक्षम राहतो.

जुना_एएमई

आकडे घेऊन बघू, तुमच्याच विमानाचे. तीन पात्यांचा पंखा, व्यास 79 इंच. पात्याचा कोन मध्यापासून 30 इंचांवर मोजतात. तिथे फाइन स्टॉपला तो 15 अंशांच्या जरा आत, दुसऱ्या टोकाला 32 च्या जरा आत.

2400 आरपीएम म्हणजे सेकंदाला 40 फेऱ्या. 30 इंचांवरचा बिंदू एका फेरीत 4.8 मीटर अंतर कापतो. आता विमान 55 नॉट्सला जमीन सोडतंय, म्हणजे सेकंदाला 28 मीटर. एका फेरीत विमान पुढे सरकलं 70 सेंटिमीटर. 4.8 मीटर आडवं आणि 0.7 मीटर पुढे: त्या बिंदूची वाट साधारण 8 अंशांची चढण झाली. पातं 15 वर असेल तर हवा त्याच्यावर 7 अंशांनी येते. छान.

80 नॉट्सला चढताना एका फेरीत जवळपास 1 मीटर पुढे. चढण 12 अंशांची. पातं 15 लाच अडकलं असतं तर हवा फक्त 3 अंशांनी आली असती, ओझं हलकं झालं असतं, फेऱ्या 2400 च्या वर जाऊ पाहिल्या असत्या. गव्हर्नरला हेच दिसतं. तो पातं तिरकं करतो.

क्रूझला 140 नॉट्स, समजा 2400 वरच. एका फेरीत 1.8 मीटर. चढण साडेवीस अंश. आता 15 अंशांवरच्या पात्याला हवा चुकीच्या बाजूने आदळली असती. ते विमानाला ओढायचं सोडून स्वतःच वाऱ्याने फिरलं असतं. गव्हर्नरने तोवर त्याला चोविसाच्या आसपास नेलेलं असतं.

म्हणजे वेग 28 वरून 72 मीटर झाला, तरी हवा पात्यावर येण्याचा कोन काही मोजक्या अंशांतच राहिला. कार्यक्षमता तिथून येते. इंजिनाचा भार धरून ठेवला की पात्यावरचा कोन आपसूक बऱ्या जागेत राहतो. तो गव्हर्नरचा हेतू नव्हे, त्याच्या कामाचा परिणाम.

मेकॅनिकल_मंदार

चूक मान्य, काका. विहिरीच्या उदाहरणाने नीट कळलं. पण एक सांगतो, तुमच्या गणितात पंख्याने स्वतः ओढलेली हवा धरलेली नाही. विमान उभं असतानाही पंख्यासमोरची हवा त्याच्याकडे धावत येते, त्यामुळे जमिनीवर पात्यावरचा कोन 15 नसून बराच कमी असणार. टेक-ऑफच्या वेळचे 7 अंशही मग तेवढे उरणार नाहीत.

जुना_एएमई

बरोबर. ते धरलं तर प्रत्येक आकडा खाली येतो, आणि कमी वेगाला सगळ्यात जास्त येतो. मी दिशा दाखवायला सोपं गणित घेतलं. तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण उभ्या विमानात पातं पूर्ण स्टॉल का होत नाही, म्हणजे त्याची हवेवरची पकड का सुटत नाही, याचं उत्तर त्यातच आहे.

टेक-ऑफबद्दल अजून एक. उभ्या विमानात पंख्याची कार्यक्षमता व्याख्येनेच शून्य असते, कारण जोर लागतोय पण अंतर कापलं जात नाही. म्हणून टेक-ऑफला या पंख्याचा खरा फायदा पात्याच्या कार्यक्षमतेत शोधू नये. तो इंजिनात आहे. सातारकर, तुमच्या 172 एसला पूर्ण थ्रॉटल देऊन ब्रेकवर उभं ठेवलंत तर आरपीएम किती येतो?

सातारकर_ऑस्टिनात

2300 ते 2400 मध्ये. हँडबुकातही तेच लिहिलंय.

जुना_एएमई

आणि त्या इंजिनाची 180 अश्वशक्ती मोजलेली आहे 2700 ला. म्हणजे धावपट्टीच्या सुरुवातीला, जिथे ताकद सगळ्यात जास्त हवी, तिथे तुमचं इंजिन ती देऊच शकत नाही. पंखा त्याला जड पडतो. कारखान्याने तो कोन चढणं आणि क्रूझ यांच्यात तडजोड म्हणून निवडलाय. 182 मध्ये पाती सपाट असल्यामुळे इंजिन जवळपास लगेच 2400 ला पोहोचतं आणि 230 घोडे हातात येतात. पहिले काही मीटर पाती फाइन स्टॉपलाच टेकलेली असतात. वेग आला, फेऱ्या रेषेला भिडल्या, की गव्हर्नर ताबा घेतो. टेक-ऑफमध्ये तो क्षण कानाला जाणवत नाही, पण असतो.

इतिहासवेडा

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण स्पिटफायर. सुरुवातीच्या स्पिटफायरला दोन पात्यांचा लाकडी, एकाच कोनाचा पंखा होता. मग डी हॅविलंडचा दोन जागांचा आला: पायलटने टेक-ऑफला फाइन लावायचा आणि वर गेल्यावर कोर्स, म्हणजे तिरका, करायचा. डग्लस बेडर यांनी 1940 मध्ये एकदा कोर्सवरच टेक-ऑफ करायला घेतला आणि विमान मोडून ठेवलं. ब्रिटिश चाचण्यांच्या नोंदीत टेक-ऑफची धाव लाकडी पंख्याला 420 यार्ड, दोन जागांच्या पंख्याला 320 आणि कॉन्स्टंट स्पीडच्या रोटॉल पंख्याला 225 यार्ड आहे. विमानं वेगवेगळी होती, वजनंही थोडी वेगळी, तरी फरक डोळ्यात भरतो.

जून 1940 मध्ये डी हॅविलंडच्या लोकांनी थेट हवाई तळांवर जाऊन दोन जागांचे पंखे कॉन्स्टंट स्पीडचे करायला घेतले. ऑगस्टच्या मध्यापर्यंत स्पिटफायर, हरिकेन आणि डिफायंट मिळून हजारावर विमानं झाली. दिवसरात्र राबलेल्या त्या फिटर मंडळींबद्दल मला फार आदर आहे. पायलटांची नावं सगळ्यांना पाठ असतात, यांची कुणाला माहीत नाहीत.

ईशा_सी

मी महाराष्ट्रातच व्यावसायिक परवान्याचं शिक्षण घेतेय, सध्या दोन इंजिनांच्या सेनेकावर. काका, तुम्ही लिहिलंत की ऑइल गेलं तर पाती फाइन होतात. आम्हाला उलट शिकवलंय. ऑइल गेलं तर पाती कोर्सकडे जातात, अगदी फेदरपर्यंत. परीक्षेलाही हेच उत्तर आहे. नक्की कुठलं बरोबर?

जुना_एएमई

ईशा, दोन्ही बरोबर, तुझं तुझ्या विमानासाठी. दोन इंजिनांच्या विमानात एक इंजिन बंद पडलं तर त्याची पाती हवेला कडेने उभी राहिली पाहिजेत, नाहीतर तो सपाट पंखा भिंतीसारखा हवा अडवतो. म्हणून तिथे ऑइल पाती फाइनकडे ढकलतं, आणि ऑइल गेलं की पात्यांच्या मुळाशी बसवलेली वजनं, नायट्रोजनचा दाब आणि स्प्रिंग मिळून त्यांना फेदरकडे नेतात. एका इंजिनाच्या विमानात फेदर करून वाचवायला दुसरं इंजिनच नसतं. तिथे ऑइल गेल्यावर फाइन झालेलं बरं, कारण इंजिन चालू असेल तर निदान ताकद तरी मिळत राहते.

रोज इंजिन बंद करताना सेनेकाची पाती फेदर का होत नाहीत, हे तुझ्या इन्स्ट्रक्टरला विचारलंयस का?

ईशा_सी

हो, ते माहितेय. साधारण 800 आरपीएमच्या खाली आतल्या पिना अडकतात आणि पाती तिथेच थांबतात. म्हणून हवेत इंजिन गेलं तर फेऱ्या तितक्या खाली यायच्या आत फेदर करायचं. पण वजनं एका विमानात फाइनकडे आणि एकात कोर्सकडे कशी नेतात, हे अजून पूर्ण गळी उतरलेलं नाही. उद्या हँगरमध्ये हब जवळून बघते.

दक्षिणायन

मेलबर्नहून लिहितोय. माझ्या वाट्याला एक जुनं 182 आहे, कार्ब्युरेटरचं इंजिन असलेलं. धाग्यात एक मुद्दा आलेला नाही आणि तो मी स्वतः भोगलाय.

गेल्या हिवाळ्यात ढगांच्या खालून, दमट हवेत, 3500 फुटांवर जात होतो. आरपीएम 2300, अगदी स्थिर. आवाजही तोच. थोड्या वेळाने लक्षात आलं की वेग सात-आठ नॉट्सने कमी झालाय. मॅनिफोल्ड प्रेशर बघितलं तर 23 लावलेलं 20 वर आलेलं. वाटलं, थ्रॉटलची मूठ सरकली असेल. पुढे केलं, 22 झालं, पुन्हा उतरू लागलं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला: कार्ब्युरेटरमध्ये बर्फ. गरम हवा दिली, इंजिन दोन-तीनदा खडखडलं आणि प्रेशर वर आलं.

साध्या पंख्याच्या विमानात आरपीएम पडायला लागला असता आणि मी दोन मिनिटांत ओळखलं असतं. इथे इंजिन आजारी पडत होतं आणि गव्हर्नर पाती सपाट करून फेऱ्या धरून ठेवत होता. काटा सांगत होता की सगळं ठीक आहे. तेव्हापासून माझी नजर आधी मॅनिफोल्ड प्रेशरवर जाते, मग आरपीएमवर.

सातारकर_ऑस्टिनात

हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या 182 टी ला फ्युएल इंजेक्शन आहे, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या बर्फाचा प्रश्न नाही, पण मुद्दा कायमचा लक्षात राहील. काका, मग पंखाच बिघडतोय हे कसं ओळखायचं?

जुना_एएमई

तीन गोष्टी सांगतो, ज्या मी सगळ्यात जास्त पाहिल्या.

पहिली, आरपीएमचं हेलकावे खाणं. काटा 2300 च्या मागेपुढे 40–50 ने डुलत राहतो, कानाला घुं-घुं असा चढउतार येतो. बहुतेक वेळा कारण ऑइलमध्ये असतं: हबमध्ये हवा अडकलेली, किंवा थंड, घट्ट ऑइल झडपेतून नीट जात नाही. म्हणून उड्डाणाआधी रनअपला 1800 वर निळी मूठ मागे ओढून परत पुढे करायची. आरपीएम पडला पाहिजे आणि परत आला पाहिजे. त्यात हबमधलं गार ऑइल बाहेर येतं आणि गरम आत जातं. पहिल्यांदा प्रतिसाद आळशी, तिसऱ्यांदा चपळ, हे नॉर्मल. तिसऱ्यांदाही आळशी असेल तर आत चिकट गाळ असू शकतो. विमान परत आणा.

दुसरी, गळती. एक सकाळ अजून आठवते. एक पायलट म्हणाला, काच धुवा, कीटक चिकटलेत. मी फडकं लावलं तर ते लाल झालं. काचेवर बारीक लाल ठिपके, आणि पात्याच्या मागच्या बाजूला मुळापासून टोकाकडे गेलेली केसाएवढी लाल रेघ. काही मॅकॉली हबमध्ये मुद्दाम लाल रंगाचं ऑइल भरलेलं असतं. ते बाहेर दिसलं तर सील गेलंय किंवा हबला तडा आहे. ते विमान मी त्या दिवशी उडू दिलं नाही, पायलट चिडला तरी. इंजिनचं ऑइल काळपट असतं, ग्रीस चिकट असतं, लाल मात्र ओळखायला कठीण नाही. रोज पात्याच्या मागे हात फिरवा, स्विच बंद असल्याची खात्री करून.

तिसरी, फेऱ्या सुटणं. गव्हर्नर किंवा त्याचं ऑइल गेलं तर पाती फाइनकडे जातात आणि क्रूझच्या वेगाला आरपीएम लाल रेषेच्या वर उडतो. तेव्हा थ्रॉटल मागे आणि वेग कमी. नाक थोडं वर घेऊन वेग उतरवला की हवेची चढण कमी होते आणि त्या सपाट पात्यांवर पुन्हा भार येतो. वरच्या गणितातला 15 अंशांचा पंखा आठवा: तो 80 नॉट्सला बऱ्यापैकी चालतो, 140 ला नाही. त्याच वेगाने हळूहळू घरी यायचं.

मेकॅनिकल_मंदार

मग क्रूझला 2400 सोडून 2200 का लावायचं? ताकद तर 2400 ला जास्त मिळते.

जुना_एएमई

कारण इथे निवड पायलटची आहे, गव्हर्नरची नाही. तेवढीच ताकद कमी फेऱ्या आणि जास्त मॅनिफोल्ड प्रेशरने मिळत असेल, तर इंजिनातलं घर्षण कमी होतं, पात्यांची टोकं हळू फिरतात आणि प्रत्येक फेरीत पातं जास्त तिरकं होऊन मोठा घास घेतं. पेट्रोल वाचतं, आवाजही उतरतो. कुठली जोडी चालेल ते हँडबुकच्या तक्त्यात बघायचं.

दक्षिणायन

इथे मला माझ्या इन्स्ट्रक्टरचं म्हणणं सांगायचंय. ते म्हणतात, इंचांचा आकडा आरपीएमच्या शेकड्यापेक्षा कधीच जास्त होऊ द्यायचा नाही. म्हणजे 2300 ला 23 इंच, त्याच्यावर नाही. 2200 ला 24 लावलं तर इंजिनाचं वाटोळं होईल.

जुना_एएमई

समुद्रसपाटीला पूर्ण थ्रॉटलवर टेक-ऑफ करताना तुम्ही काय लावता? 2400 ला 28–29 इंच. हा नियम खरा असता तर प्रत्येक टेक-ऑफ नियमबाह्य ठरला असता. तक्त्यात जी जोडी छापलीय ती चालते. मात्र फार कमी फेऱ्यांवर फार जास्त प्रेशर देणं खरंच वाईट, सिलिंडरमध्ये ठोके बसू शकतात. म्हणून ताकद वाढवताना आधी निळी मूठ पुढे, मग थ्रॉटल. कमी करताना आधी थ्रॉटल, मग निळी मूठ. हा क्रम कुठल्याही विमानात मोडू नका.

दक्षिणायन

काका, टेक-ऑफचा मुद्दा पटतो. पण टेक-ऑफ दोन मिनिटांचा, क्रूझ तीन तासांचा. माझं इंजिन जुनं आहे आणि मी 23 ला 23 च ठेवणार. त्यात थोडं पेट्रोल जास्त गेलं तरी चालेल.

जुना_एएमई

विमान तुमचं, जबाबदारी तुमची. तक्त्याच्या आत आहात तोवर मी अडवणार नाही. पण कारण म्हणून तो नियम पुढच्या विद्यार्थ्याला शिकवू नका, एवढी विनंती.

सातारकर_ऑस्टिनात

आज पुन्हा उडून आलो. दोन गोष्टी करून पाहिल्या.

एक: 90 नॉट्स धरून थ्रॉटल मागे घेत गेलो. आरपीएम 14 इंचांच्या जरासं खाली सुटला. मग 75 नॉट्सला तेच केलं. या वेळी तो आधीच, 16 च्या आसपास सुटला. आता कारण सांगता येतं: वेग कमी म्हणजे हवेची चढण कमी, पात्यावर भार जास्त, म्हणून फेऱ्या धरायला पाती लवकर सपाट झाली आणि अडसराला आधीच टेकली.

दोन: 4000 फुटांवर, इन्स्ट्रक्टर शेजारी असताना, थ्रॉटल पूर्ण मागे घेऊन ग्लाइड केलं. निळी मूठ पुढे असताना समोरून कुणी धरून ठेवल्यासारखं वाटत होतं. मूठ पूर्ण मागे ओढली आणि विमान अक्षरशः सुटलं. खाली येण्याचा दर स्पष्ट कमी झाला. इन्स्ट्रक्टर म्हणाले, इंजिन गेलं पण ऑइल प्रेशर असेल तर हे करायचं, मैलभर जास्त मिळू शकतो.

मला यात एक कळलं नाही. मूठ मागे ओढल्यावर पाती तिरकी व्हायला ऑइल लागतं. खरोखर इंजिन बंद पडून पंखा नुसता वाऱ्याने फिरत असेल, तर गव्हर्नरचा पंप पाती पूर्ण तिरकी करण्याइतका दाब किती वेळ देईल?

ईशा_सी

मलाही हे वाचायचंय. आणि आज हब बघितला. वजनं पात्याच्या मुळाशी पात्याला जवळजवळ काटकोनात बसवलेली आहेत. तीही पातळीत यायला बघतात, पण काटकोनात असल्यामुळे ती पातळीत आली की पातं उभं होतं. गळी उतरलं.

जुना_एएमई

शाब्बास ईशा, हेच हवं होतं.

सातारकर, पंखा फिरतोय तोवर इंजिनचा आणि गव्हर्नरचा दोन्ही पंप फिरतात, त्यामुळे ऑइल असेल तर दाब मिळतो. पण पाती तिरकी झाली की फेऱ्या उतरतात, दाबही उतरतो, आणि कुठेतरी दोघांचा तोल जमतो. तो नेमका किती आरपीएमला जमतो हे इंजिन किती झिजलंय, ऑइल किती गरम आहे, विमानाचा वेग किती आहे यावर ठरतं. मी बेंचवर गव्हर्नर तपासलेत, बंद इंजिनाने हवेत कधी मोजलेलं नाही. कुणी ग्लायडर ओढणारं विमान उडवत असेल किंवा असं मोजून पाहिलं असेल तर लिहा.